पोलीस ठाण्याच्या आवारातली पिकअप

9 नोव्हेंबर 2022 ला सकाळी पावणेआठच्या सुमारास दिंडोरी नाक्याच्या अलीकडे मला एका पिकअपने उडवलं. पंचवटीत माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. गंगापूर रोडच्या एका गिऱ्हाइकाच्या दोन फ्रेम स्कूटरच्या पुढ्यात ठेवून निघालो होतो. पिकअप मार्केट यार्डात माल उतरवून रिकामी परत चालली होती. ती डावीकडून ओव्हरटेक करताना माझ्या अंगावर आली. त्या क्षणाचं मला आठवतं ते फक्त काच फुटल्याचं. पाय मोडल्याचा आवाज आला नाही, तो नंतर कळला.

उजव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत रॉड घातला. तिसऱ्या दिवशी पिकअपचा चालक दवाखान्यात आला. हातात चाळीस हजार रुपये, आणि सोबत आधीच टाईप करून आणलेला बाँड पेपर: "आमची काही तक्रार नाही." मी औषधाच्या गुंगीत होतो. बायकोने कागद वाचला, पैसे परत त्याच्या खिशात कोंबले आणि म्हणाली, "दादा, आधी गाडीचा इन्शुरन्स दाखवा." तो म्हणाला, "आहे ना वहिनी, गाडीत आहे." गाडी तोवर पोलीस ठाण्याच्या आवारात लागली होती.

मेहुण्याने परिवहन खात्याच्या अॅपवर गाडीचा नंबर टाकला. विम्याची मुदत त्या वर्षीच्या जुलैतच संपलेली. मालक म्हणून नाव दिसत होतं ते चालकाचं नव्हतं, निफाड तालुक्यातल्या कोणा दुसऱ्याचंच होतं. पुढची तीन वर्षं मी ज्या गुंत्यात होतो त्याची दोन्ही टोकं त्याच स्क्रीनवर होती. तेव्हा आम्हाला ते कळायला मार्ग नव्हता.

सगळे मला एकच सांगत होते, की विमा नसलेल्या गाडीला मोठा दंड होतो. होतो, पण पहिल्या गुन्ह्याला तो दोन हजार रुपये आहे किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि दंड सरकारजमा होतो. माझ्या पायाशी त्याचा संबंध नाही. माझ्या स्वतःच्या पॉलिसीतही काही निघालं नाही. स्कूटरचा विमा फक्त थर्ड पार्टी होता, म्हणजे माझ्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर. सोबत मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा होता. तो पंधरा लाखांचा आकडा बघून दोन दिवस आम्ही निश्चिंत होतो. मग अटी वाचल्या. मृत्यू, हात-पाय किंवा डोळा कायमचा जाणं, किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व, एवढ्यालाच तो मिळतो. मोडून जुळलेल्या हाडाला शून्य.

वकीलबाई आमच्या दुकानातून डिग्रीची फ्रेम करून घेऊन गेल्या होत्या, एवढीच ओळख. मी कुबड्यांवर त्यांच्या ऑफिसात गेलो, तर त्यांनी पायाची चौकशी करण्याआधी विचारलं, "गाडी अजून ठाण्यात आहे का?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग ती तिथेच राहायला पाहिजे. तुमचे पैसे त्या गाडीत आहेत."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. विमा असला की अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने निकाल द्यायचा आणि कंपनीने पैसे भरायचे. विमा नसला की निकाल लागतो चालकावर आणि मालकावर, आणि निकालाच्या कागदावर लाखभर लिहून मिळालं तरी वसूल कुठून करायचं हा प्रश्न उरतो. निकालाला दोन-तीन वर्षं जातात. तेवढ्यात गाडी विकली जाते, बँकेतली शिल्लक काढून घेतली जाते, शेत बायकोच्या नावावर होतं. अपघातानंतरचे पहिले तीन-चार महिने समोरच्याची एक वस्तू सरकारच्या ताब्यात असते, आणि ती वस्तू म्हणजे गाडी.

यावर नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली उषा देवी विरुद्ध पवन कुमार या प्रकरणात सगळ्या राज्यांना तसा नियम करायला सांगितलं होतं. पुढे केंद्र सरकारच्या 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांत तो आला. अपघातात कोणी जखमी झालं आणि गाडीला थर्ड पार्टी विमा नसला, तर नोंदणीकृत मालकाने नुकसानभरपाईपुरतं पुरेसं तारण दिल्याशिवाय न्यायालयाने गाडी सोडायची नाही. तारण दिलंच नाही, तर गाडी ताब्यात घेतल्यापासून तीन महिन्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांनी तिचा जाहीर लिलाव करायचा, आणि आलेली रक्कम पंधरा दिवसांत दावा न्यायाधिकरणात जमा करायची.

नियम असला तरी तो आपोआप चालत नाही. गाडी सोडवण्याचा अर्ज, म्हणजे सुपुर्दनाम्याचा अर्ज, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पडतो. त्यावर न्यायालय पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. जखमी माणसाला कोणी कळवत नाही. तपासाला हवालदार असतील, त्यांच्याकडे वीस गुन्हे असतील, आणि त्यांनी "हरकत नाही" एवढं लिहून दिलं की संध्याकाळी गाडी रस्त्यावर. म्हणून वकीलबाईंनी पहिल्या आठवड्यातच तपासी अंमलदारांना पत्र दिलं. विम्याच्या स्थितीची छापील प्रत जोडली, गाडी तारणाशिवाय सोडू नये असं लिहिलं, आणि ठाण्याच्या शिक्क्याची पोच घेतली. तेच पत्र कोर्टातही दिलं. मेहुणा दर सोमवारी ठाण्यात जाऊन मागच्या बाजूला गाडी उभी आहे ना हे बघून यायचा. आमच्या घरात तेव्हा हा एक विनोदच झाला होता. सोमवारी सासूबाई फोनवर आधी विचारायच्या, "उभी आहे का रे?"

तिसऱ्या आठवड्यात अर्ज आला, आणि अर्जाला जोडून चक्क विम्याची पॉलिसी आली.

पॉलिसी खरी होती. कंपनी खरी, नंबर खरा, तारीख 9 नोव्हेंबर 2022. अपघाताचा दिवस. माझ्या पोटात गोळा आला, कारण वाटलं आपण उगाच माणसाला खोटं पाडतोय. मग मनात आलं, विमा आहे तर बरंच झालं की, कंपनी देईल पैसे. वकीलबाईंनी कागद उलटा-सुलटा केला आणि मुदतीच्या ओळीवर पेन टेकवलं. "पासून" च्या पुढे तारीख होती, आणि तारखेच्या पुढे वेळ होती: 14:26. मला धडक बसली 7:45 ला. दवाखान्याच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदवहीत माझी आवक 8:20 ची होती. मी ऑपरेशनच्या टेबलावर असताना साहेब एजंटकडे जाऊन पॉलिसी काढत होते.

पॉलिसीवर वेळ लिहिलेली असेल तर संरक्षण त्या वेळेपासून सुरू होतं, मध्यरात्रीपासून नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने बऱ्याच वर्षांपूर्वी ठरवलेलं आहे. त्यामुळे सकाळच्या धडकेला ती पॉलिसी कामाची नव्हती. मी वकीलबाईंना विचारलं, की कंपनी आधी पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते असं ऐकलंय, ते इथे होणार नाही का? त्या म्हणाल्या, ते होतं ते पॉलिसी चालू असताना अट मोडली तर, उदाहरणार्थ चालकाकडे योग्य लायसन्स नसलं तर. इथे त्या घटकेला करारच नव्हता, मग कंपनी कशाच्या जोरावर देणार? तरी दाव्यात त्यांनी कंपनीला तिसरा सामनेवाला केलंच. पुढे कंपनीच्या अधिकाऱ्याने साक्षीत हप्ता भरल्याची वेळ सांगितली, तेव्हा ते प्रकरण कायमचं मिटलं. आम्ही कंपनीला बाहेर ठेवलं असतं, तर सामनेवाल्यांनी "विमा होता, त्यांना पक्षकार केलं नाही" असा घोळ शेवटपर्यंत घातला असता.

सुपुर्दनाम्याच्या अर्जाची दुसरी अडचण त्यांची त्यांनाच आली. तारण द्यायचं नोंदणीकृत मालकाने, आणि चालक तर मालक नव्हता. त्याने ती पिकअप आठ महिन्यांपूर्वी पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतली होती. पैसे दिलेले, गाडी ताब्यात, 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्याही घेतलेल्या, फक्त पेठ रोडला आरटीओत जाऊन नाव बदललेलं नव्हतं. आता सही आणि तारण द्यायला निफाडच्या मूळ मालकाला बोलावणं भाग होतं. तो आला नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला.

गाडी मात्र तीन महिन्यांनी नाही, नऊ महिन्यांनी विकली गेली. लिलावाचा अर्ज आम्हीच दिला. मग आरटीओच्या निरीक्षकाचं मूल्यांकन, मग नोटीस, मग पहिल्या लिलावाला कोणी आलंच नाही. दरम्यान पावसाळा लागला. मी स्वतः बघायला गेलो तेव्हा पिकअपच्या हौद्यात पाणी साचून शेवाळ धरलेलं, पुढची दोन्ही टायरं बसलेली, बॅटरी गायब. बॅटरी कोणी नेली हे विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही. बॉनेटवर माझ्या स्कूटरचा निळा रंग अजून होता. ऑगस्ट 2023 मध्ये ती 2,35,000 ला गेली. गाडी पहिल्या महिन्यात विकली असती तर लाखभर जास्त आले असते असं निरीक्षकच म्हणाले. गाडीवर फायनान्सचा बोजा नव्हता हे आमचं नशीब. असता तर आधी त्या कंपनीशी भांडावं लागलं असतं. रक्कम न्यायाधिकरणात जमा झाली आणि मुदत ठेवीत गेली.

मूळ दावा एप्रिल 2023 मध्ये जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल केला होता. कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. पोलिसांनी नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाला तपशीलवार अपघात अहवाल द्यायचा असतो आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो, पण त्यावर विसंबून घरी बसायचं नाही हे वकीलबाईंनी बजावलं होतं. सामनेवाला एक चालक, दोन निफाडचा नोंदणीकृत मालक, तीन विमा कंपनी.

फौजदारी खटल्याचं एका ओळीत सांगतो. चालकाने गुन्हा कबूल केला, दंड भरला, सुटला. त्या दिवशी मी कोर्टात नव्हतो.

दाव्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो माझं उत्पन्न आणि माझा पाय यांच्यावर. मी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरत नव्हतो. महिन्याला पंचवीस हजार सुटायचे असं मी म्हणालो, पण दाखवायला काही नाही. शॉप अॅक्टचा दाखला, काचेच्या आणि बीडिंगच्या खरेदीची बिलं, आणि दुकानाच्या खात्याचा उतारा एवढ्यावर पंधरा हजार धरले गेले. रिटर्न नसल्याची किंमत मला अशी दर महिन्याला दहा हजाराप्रमाणे मोजावी लागली. पायासाठी सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं: उजव्या पायाचं 18 टक्के. समोरच्या वकिलाने उलटतपासात विचारलं, "फ्रेम हाताने करता की पायाने?" हसू आलं सगळ्यांना, मलाही. पण प्रश्न बरोबर जागी लागला होता. पायाचं 18 टक्के म्हणजे कमाईचं 18 टक्के नव्हे. माणूस काय काम करतो त्यावर कमाईतली घट ठरते. मी सांगितलं की काच कापायचं टेबल उभ्याने वापरायचं असतं, दिवसात सहा-सात तास. आता दोन तासांनी बसावं लागतं, आणि मोठी फ्रेम घेऊन शिडीवर चढून भिंतीला लावायचं काम मी सोडलंय. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना साक्षीला आणावं लागलं. नुसतं प्रमाणपत्र दिलं असतं तर ते बाजूला पडलं असतं. शेवटी कमाईतली घट 10 टक्के धरली.

हिशोब असा निघाला. महिना पंधरा हजार, वय त्रेचाळीस असल्याने पुढच्या वाढीचे 25 टक्के धरून 18,750. वर्षाचे 2,25,000. त्याचे 10 टक्के 22,500. या वयाला कमाईची जितकी वर्षं धरतात तो गुणक 14. म्हणजे 3,15,000. दवाखान्याची बिलं 1,92,400. पाच महिने दुकान बंद, 75,000. वेदनांचे 50,000. प्रवास, खाणंपिणं, सोबतीचा माणूस यांचे 25,000. स्कूटरच्या दुरुस्तीचे 14,600. एकूण 6,72,000, आणि दावा दाखल केल्यापासून 7 टक्के व्याज. जून 2025 ला निकाल लागला तेव्हा सव्वीस महिन्यांचं व्याज 1,01,920 झालं होतं. गाडीचे पैसे व्याजासह 2,61,700 झाले होते, ते वजा जाता 5,12,220 बाकी राहिले. चालक आणि नोंदणीकृत मालक दोघांनी मिळून किंवा कोणीही एकाने भरायचे.

इथे मला निफाडच्या माणसाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ते डोक्यातून जात नाही. साठीचा द्राक्ष बागायतदार, सगळे नाना म्हणतात. त्यांनी गाडी खरंच विकली होती. न्यायाधिकरणात ते नोटरीचा कागद घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी माझी नाही, मी चाक फिरवलं नाही, मी पैसे का द्यायचे?" माणूस म्हणून त्यांचं बरोबरच होतं. पण ज्याचं नाव आरसीवर तो मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमारच्या निकालात स्पष्ट केलंय. जखमी माणसाने स्टॅम्प पेपरची साखळी शोधत फिरायचं नसतं. विकणाऱ्याने आरटीओला चौदा दिवसांत कळवायचं असतं, ते नानांनी केलं नाही. मी वकीलबाईंना म्हणालो, आपण फक्त चालकाकडून वसूल करूया का? त्यांनी विचारलं, "त्याच्याकडे काय आहे?" भाड्याची खोली आणि एक मोबाईल. मी गप्प बसलो.

चालकाने अपील केलं नाही, नानांनीही नाही. नव्वद दिवस गेल्यावर वसुलीचा अर्ज दिला. दोन वाटा होत्या: दिवाणी कोर्टातल्यासारखी दरखास्त, किंवा कलम 174 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुली प्रमाणपत्र, ज्यामुळे रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्यासाठी दुसरी वाट धरतात. ऑक्टोबरमध्ये प्रमाणपत्र निघालं, तहसीलदारांकडे गेलं, मागणीची नोटीस बजावली गेली. तरी काही हललं नाही. मग सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढला.

बोजा चढल्यावर पंधरा दिवसांनी नाना दुकानात आले. सोसायटीचं कर्ज अडलं होतं. मी स्टूल दिलं, तर ते उभेच राहिले. आमच्या दोघांच्या मध्ये काच कापायचं टेबल. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, "अजून दुखतो का?" मी म्हणालो, थंडीत दुखतो. ते म्हणाले, "मी त्या पोराला चार वेळा म्हणालो होतो, आरटीओत चल. तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात."

तीन हप्ते ठरले, लेखी, न्यायाधिकरणासमोर. निकालानंतरचं व्याज मी सोडलं. वकीलबाई रागावल्या. शेवटचा हप्ता जानेवारी 2026 मध्ये जमा झाला, आणि त्याच आठवड्यात मी बोजा उतरवायचं पत्र सही करून दिलं. नाना आता त्या पिकअपवाल्यावर स्वतः दावा लावायच्या विचारात आहेत. परवा फोन करून विचारत होते, गाडीचा लिलाव होण्याआधी ती अडवायची असते म्हणतात, ते नक्की कसं करतात. मी सांगितलं, नाना, ती गाडी आता विकली गेली, तुम्हाला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.